शंभरातले पस्तीस

"तीनशे तीस टक्के? कोणाला सांगतेस?" अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढून ठेवतात तेव्हा वाद लांबणार, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

वादाचं कारण आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत उभं होतं. दोनशे लिटरची टाकी, तिच्या डोक्यावर पंखा आणि कॉम्प्रेसर. पाणी तापवायचा हीट पंप. जुना गीझर काढून मी तो बसवला आणि त्याला वेगळा मीटर लावला. पहिल्याच दिवशी हिशेब मांडला. दोनशे लिटर पाणी २२ अंशांवरून ५२ अंशांवर गेलं. तीस अंशांची ही वाढ म्हणजे जवळजवळ सात युनिट उष्णता. मीटरवर मात्र २.१ युनिट वीज लागलेली दिसत होती. सातला २.१ नं भागलं की ३.३ येतात. याला सीओपी म्हणतात, असं मी अण्णांना सांगितलं. वर उत्साहाच्या भरात म्हणून गेले, "म्हणजे तीनशे तीस टक्के!"

अण्णांनी नोकरीची सगळी वर्षं परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, टर्बाइनवर काढली. आमचं बालपण तिथल्या कॉलनीतच गेलं. शंभरातले पस्तीस हा त्यांच्या आयुष्याचा आकडा. कोळशाची शंभर युनिट उष्णता बॉयलरमध्ये गेली की जनरेटरच्या टोकाला पस्तीसच्या आसपास वीज निघते. पस्तीसचे साडेपस्तीस व्हावेत म्हणून माणसं वर्षानुवर्षं राबतात. अशा माणसासमोर मुलीनं येऊन तीनशे तीस म्हणावं, हे त्यांना आगाऊपणाचं वाटलं. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. माझा हिशेब बरोबर होता, पण शब्द चुकला होता, आणि चुकीच्या शब्दानं दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घातल्या होत्या.

इंजिनाची कार्यक्षमता काढताना वरचा आकडा खालच्या आकड्याच्या पोटातून आलेला असतो. शंभर उष्णता आत गेली, तिच्यातलीच पस्तीस काम होऊन बाहेर आली. पोटातलं पोटापेक्षा मोठं होऊ शकत नाही, म्हणून हा आकडा शंभराच्या वर जाणं अशक्य. पंपाचं तसं नाही. टाकीत गेलेली सात युनिट उष्णता विजेतून निर्माण झालेली नाही. तिच्यातली ४.९ युनिटं बाल्कनीतल्या हवेची होती. २४ अंशांच्या त्या हवेत ती आधीपासूनच होती, फक्त चुकीच्या ठिकाणी आणि आंघोळीला न पुरणाऱ्या तापमानाला. वीज लागली ती उष्णता तिथून उचलून ५२ अंशांच्या टाकीपर्यंत चढवायला. मोंढ्यातला हमाल शंभर किलोचं पोतं गाडीवर चढवतो आणि आपण त्याला हमाली देतो. पोत्यातल्या ज्वारीची किंमत आणि हमाली यांचं गुणोत्तर काढून कोणी "हमाल हजार टक्के कार्यक्षम" असं म्हणत नाही. सीओपी हे तसलंच गुणोत्तर आहे: किती माल हलला, आणि हमाली किती पडली. फरक एवढाच की इथे दिलेली हमालीसुद्धा वाया जात नाही. ती उष्णता होऊन त्याच टाकीत उतरते.

म्हणूनच एकाच यंत्राचे दोन सीओपी असतात आणि त्यांच्यात नेमका एकाचा फरक पडतो. समजा, एखाद्या फ्रीजनं एक युनिट वीज घेऊन आतून दोन युनिट उष्णता ओढली. फ्रीज म्हणून त्याचा सीओपी दोन. पण मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात पडते ती दोन अधिक एक, म्हणजे तीन युनिटं. तोच फ्रीज खोली तापवायला ठेवला असता तर सीओपी तीन झाला असता. उन्हाळ्यात फ्रीजचं दार उघडं ठेवून ओटा थंड होईल, ही आईची जुनी समजूत इथेच मोडते. आतून ओढलेलं सगळं त्याच खोलीत परत येतं, आणि वर विजेची भर पडते.

हे सगळं ऐकून अण्णा गप्प राहिले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अजून आवडतो.

"ठीक आहे. हवेतून घेतली. मग तुझ्या या टाकीतल्या गरम पाण्यावर मी एक लहानसं टर्बाइन चालवतो. त्याची वीज तुझ्या पंपाला देतो. एकाचे साडेतीन होतायत ना? मग परळीचा कोळसा कशाला पाहिजे?"

हा प्रश्न पेलायचा तर परळीला जावं लागतं.

अण्णांच्या २१० मेगावॅटच्या संचात वाफ साधारण ५३५ अंशांना टर्बाइनमध्ये शिरायची आणि काम करून झाल्यावर कंडेन्सरमध्ये ४५ अंशांच्या आसपास तिचं पाणी व्हायचं. लहानपणी मला वाटायचं की कंडेन्सर ही एक नाइलाजाची गोष्ट आहे. वाफेत एवढी उष्णता उरलेली असताना ती थंड का करायची? अण्णा सांगायचे, "खालचं थंड आहे म्हणून वरचं फिरतं." औरंगाबादची पाणचक्की ते उदाहरणाला घ्यायचे. पाणी वरून पडतं म्हणून जातं फिरतं, पण पडलेलं पाणी पुढे वाहून गेलं पाहिजे. खाली तुंबलं तर जातं थांबलं.

सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वाफेच्या इंजिनांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात हीच उपमा आहे: उष्णता वरच्या तापमानावरून खालच्या तापमानावर पडते आणि पडताना काम देते. पाण्यासारखीच ती सगळीच्या सगळी खाली पोचते, असं तो समजत होता. ते चूक होतं, कारण तिचा एक भाग कामात बदलतो. पण त्याचा मूळ निष्कर्ष टिकला. किती काम मिळणार, हे फक्त दोन तापमानांवर ठरतं. वाफ वापरा की हवा वापरा, त्यानं कमाल मर्यादा बदलत नाही. १८३२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो कॉलऱ्यानं गेला.

आज आपण ती मर्यादा केल्विनमध्ये मांडतो, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. परळीचं वरचं तापमान ८०८ केल्विन, खालचं ३१८. अंतर ४९०. या अंतराला वरच्या तापमानानं भागलं की सुमारे ६० टक्के येतात. दोन तापमानांमधलं अंतर हीच इंजिनाची कमाई. साठाच्या जागी पस्तीस का, याची कारणं अण्णा बोटांवर मोजतात. बॉयलरमधलं पाणी बहुतेक उष्णता ५३५ अंशांना घेतच नाही, ते त्याहून कितीतरी खालच्या तापमानाला घेतं. थोडी उष्णता चिमणीतून जाते, थोडी पात्यांच्या घर्षणात. आणि एप्रिल-मे महिन्यांत कूलिंग टॉवरचं पाणीच गरम यायला लागलं की कंडेन्सरचा व्हॅक्यूम पडतो. तेव्हा कोळसा तेवढाच जाळूनही लोड खाली येतो. खालची पायरी चार अंश वर सरकली की तिचा हिशेब कंट्रोल रूममध्ये लगेच दिसतो, असं ते म्हणतात.

उरलेली उष्णता कुठे जाते? अशा एका संचाच्या कंडेन्सरमधून सुमारे तीनशे मेगावॅट उष्णता थंड पाण्यात उतरते आणि कूलिंग टॉवरमधून वाफेच्या रूपानं आकाशात जाते. तासाला चारशे टनांहून जास्त पाणी त्यासाठी उडून जातं. कॉलनीतून आम्हाला टॉवरवरचे ते पांढरे ढग दिसायचे आणि ते आम्हाला फार सुंदर वाटायचे. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. पेपर वाचून ते म्हणाले, "विस्तव आहे, पण खालची पायरीच गेली." उष्णता टाकायला थंड जागा नसेल तर इंजिन चालत नाही, हा नियम मी पुस्तकात वाचला होता. माझ्या गावानं तो भोगला.

आता अण्णांचा प्रश्न. माझ्या टाकीत पाणी ५२ अंश, म्हणजे ३२५ केल्विन. बाहेर हवा २४, म्हणजे २९७. अंतर फक्त २८. या दोघांमध्ये इंजिन बसवलं तर २८ भागिले ३२५, म्हणजे जेमतेम ८.६ टक्के. आणि हे आदर्श इंजिनाचं झालं. खऱ्या यंत्राला याच्या निम्मेही मिळवायला घाम फुटेल.

हाच अपूर्णांक उलटा केला की ३२५ भागिले २८, म्हणजे ११.६. हा त्याच दोन तापमानांमधल्या आदर्श हीट पंपाचा सीओपी. इंजिनाला जे अंतर कमाई म्हणून मिळतं, तेच पंपाला हमाली म्हणून मोजावं लागतं. म्हणून जिथे इंजिन दरिद्री, तिथे पंप श्रीमंत. आणि परळीसारखी ४९० अंशांची दरी असेल तर उलट: इंजिन तालेवार, आणि तेवढ्या दरीवर उष्णता चढवणाऱ्या आदर्श पंपाचाही सीओपी जेमतेम १.६.

अण्णांनी कागद ओढून घेतला आणि स्वतः गुणाकार केला. एक युनिट विजेवर आदर्श पंप ११.६ युनिट उष्णता चढवतो. त्या ११.६ वर आदर्श इंजिन ८.६ टक्के काम काढतं. गुणाकार बरोबर एक. टाकलं तेवढंच परत, एक कणही जास्त नाही. खऱ्या यंत्रांचं घेतलं तर ३.३ चे ८.६ टक्के म्हणजे ०.२८, तेही इंजिन आदर्श धरून. दर फेरीत पाऊण हिस्सा बुडाला.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण कार्नोच्या युक्तिवादाचं सगळं सौंदर्य या गुणाकारात आहे. समजा, कोणी येऊन म्हणाला की याच दोन तापमानांत माझा पंप ११.६ च्या ऐवजी १२.६ देतो. मग त्यातले ११.६ आदर्श इंजिनाला द्यायचे, त्यातून निघालेलं एक युनिट काम पुन्हा पंपाला द्यायचं. बाहेरून काही घ्यायची गरज उरली नाही, आणि प्रत्येक फेरीला एक युनिट उष्णता २४ अंशांच्या हवेतून ५२ अंशांच्या पाण्यात आपोआप चढत राहिली. टेबलावरचा चहा खोलीतली उष्णता घेऊन स्वतःहून उकळायला लागावा, तसं. ते कधी घडत नाही, म्हणून तो पंपही असू शकत नाही. इंजिनाची मर्यादा पंपाच्या मर्यादेवर उभी आहे, आणि पंपाची इंजिनाच्या. अण्णांनी प्रश्न चुकून विचारला नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी कार्नोनं नेमकं हेच केलं होतं: एक यंत्र सुलटं, एक उलटं, आणि दोन्ही एकमेकांना जोडून काय उरतं ते बघायचं.

"पण मग तुझ्या मशीनला ११.६ कुठे मिळतायत? साडेतीनसुद्धा पुरे नाहीत." अण्णांनी चष्मा परत चढवला होता.

कारण पंपाला दिसणारी दरी २८ अंशांची नसतेच. आतला वायू २४ अंशांच्या हवेतून उष्णता घेणार तर त्याला हवेपेक्षा थंड असावं लागतं. आमच्या यंत्रात तो साधारण १४ अंशांना उकळतो. पुढे कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो. पाण्याला ५२ पर्यंत न्यायचं तर शेवटी शेवटी त्याला ५७ अंशांच्या आसपास द्रव व्हावं लागतं. मग झडपेतून दाब उतरवून तो पुन्हा थंड होतो आणि फेरी नव्यानं सुरू होते. म्हणजे खरी दरी १४ ते ५७, ४३ अंशांची. ३३० भागिले ४३, सुमारे ७.७. त्यातूनही कॉम्प्रेसरचं घर्षण, मोटरची गरमी, पंखा आणि झडपेत वाया जाणारा दाब वजा केला की ३.३ हातात राहतात. घरातल्या फ्रीजचं तर याहून कठीण. आपल्याला दूध चार अंशांना हवं असतं, पण फ्रीझरसाठी आतली नळी उणे वीसच्या खाली ठेवावी लागते आणि मागची जाळी ४५ अंशांना तापते. त्यामुळे त्याची आदर्श मर्यादाच चारच्या खाली येते आणि प्रत्यक्षात एक ते दोनच्या मध्ये काहीतरी मिळतं.

हे मी पाठ म्हणून दाखवलं खरं, पण त्याचा अर्थ मला दोन आठवड्यांनी कळला. पावसाची झड आत येते म्हणून आम्ही बाल्कनीच्या काचा बंद केल्या होत्या. मीटर २.१ वरून २.९ वर गेला. पूर्वी तीन तासांत तापणारं पाणी आता चार तासांहून जास्त घेत होतं. मला वाटलं गॅस कमी झाला असेल, म्हणून मेकॅनिकला फोन लावणार होते. अण्णा मात्र काही न बोलता भिंतीवरचं थर्मामीटर घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. पाणी तापून होईपर्यंत तिथेच बसले. बाहेर २४ अंश होते आणि बाल्कनीत १३.

"तुझा पंप स्वतःचाच टाकलेला वारा परत खातोय," ते म्हणाले. "आमच्याकडे टॉवरचं पाणी गरम येतं ना, तसंच हे. फक्त उलटं."

अगदी तसंच होतं. पंप चालू असताना अर्ध्या टनाच्या एसीएवढी थंडी बाहेर फेकतो. ती कोंडली की हवा थंड होते, आतला वायू आणखी खाली, तीन अंशांवर उकळायला लागतो आणि दरी ४३ वरून ५४ वर जाते. सीओपी २.४ वर आला होता. काचा उघडून पंख्याच्या तोंडाला बाहेरपर्यंत पत्र्याचा डक्ट लावला, आणि मीटर परत २.१ वर आला. यंत्र बिघडलं आहे की त्याची पायरी सरकली आहे, हे आधी थर्मामीटरनं बघायचं, ही टर्बाइन हॉलमधली सवय मला वर्गात कोणी शिकवली नव्हती. डिसेंबरात पहाटे बाहेर १२ अंश असतात तेव्हा सीओपी असाच खाली येतो. तेव्हा मात्र काही बिघडलेलं नसतं. दरीच मोठी झालेली असते.

त्या रात्री अण्णांनी आणखी एक हिशेब केला आणि मला वाचायला दिला. परळीतल्या शंभर युनिट उष्णतेची पस्तीस युनिट वीज. त्यातली तीनेक केंद्राचे पंप आणि पंखेच खातात. तारांमधून आमच्या घरी पोचेपर्यंत साधारण २८ उरली. जुन्या गीझरमध्ये त्या २८ युनिट विजेची २८ युनिट उष्णता व्हायची आणि तो 'जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम' म्हणून विकला जायचा. पाचशे अंशांच्या दरीतून जिवाच्या आकांतानं काढलेलं काम, आणि त्याचं आपण पन्नास अंशांचं पाणी करून टाकायचो. पंपानं त्याच २८ युनिटांवर ९२ युनिट उष्णता दिली. चिमणीनं आणि कूलिंग टॉवरनं मिळून आकाशात सोडलेली उष्णता जवळजवळ तेवढीच, आकाशातूनच परत आणली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यानं १८५२ सालीच दाखवलं होतं की कोळसा थेट शेगडीत जाळण्यापेक्षा त्यावर इंजिन चालवून, त्या इंजिनानं हवेतली उष्णता घरात ओढली तर कोळसा कमी लागेल. कोळशाची टंचाई असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या राटहाउसला, म्हणजे नगरभवनाला, १९३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. आमच्या ड्राय बाल्कनीपर्यंत यायला त्याला आणखी बराच काळ लागला.

हिशेबाच्या खाली अण्णांनी पेन्सिलनं लिहिलं होतं: "माझे पस्तीस + तुझे साडेतीन."

सध्या ते पंपाच्या नळीखाली एक बादली ठेवतात. थंड जाळीवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन ठिबकतं. पावसाळ्यात एका वेळच्या तापवण्यात दोन-अडीच लिटर जमतं. त्या अडीच लिटरच्या बाष्पानं पाणी होताना सोडलेली पावणेदोन युनिट उष्णताही आमच्या टाकीतच गेलेली असते. नोकरीभर अण्णांनी उष्णता टाकण्यासाठी पाण्याचे ढग केले. आता सकाळी ते ढगाचं झालेलं पाणी तुळशीला घालतात आणि बादलीत किती भरलं ते वहीत लिहून ठेवतात.